बाळाचं तोंड वर, कळा कंबरेत: लांबलेल्या बाळंतपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंतच्या बाया आमच्याकडे बाळंतपणाला येतात. लेबर रूमच्या दाराबाहेर आई, सासू, नवरा, मामा जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. आत काम चालू असताना दारात उभं राहून दोन वाक्यांत उत्तर द्यावं लागतं आणि ते पुरत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाळाचं डोकं खाली आहे, मग "बाळ ओपी आहे" म्हणजे नेमकं काय?

डोकं खालीच असतं. प्रश्न असतो ते कुठल्या बाजूला वळलंय याचा. नेहमीच्या बाळंतपणात बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे असतं आणि डोक्याचा मागचा भाग, ज्याला आपण टाळक्याचा मागचा उंचवटा म्हणू, तो आईच्या पोटाच्या बाजूला असतो. ओपीमध्ये हे उलट होतं. मागचा उंचवटा आईच्या माकडहाडाकडे जातो आणि बाळाचं तोंड वर, म्हणजे पोटाच्या दिशेला येतं. आई पाठीवर झोपलेली असेल तर बाळ छताकडे बघतंय असं समजा.

हे बाळ पायाळू नाही. पायाळूमध्ये कुल्ले किंवा पाय खाली असतात. बरेच नातेवाईक "बाळ उलटं आहे" एवढंच ऐकतात आणि पायाळू समजून घाबरतात, म्हणून हा फरक आधी सांगते.

कळा सुरू होताना साधारण पाचातलं एक बाळ असं असतं. जन्माच्या वेळी मात्र वीसातलं एखादंच तसं उरतं. बाकीची वाटेत आपली आपण फिरतात.

तोंड इकडे काय नि तिकडे काय, डोकं तर तेवढंच. मग अडतं कशाने?

कासाराकडे बांगड्या भरताना पाहिलंय ना? तो हात चोळतो, अंगठा तळव्यात दुमडतो, बोटं जुळवतो आणि मग तीच बांगडी त्याच हातात सरकते. हात पसरलेला ठेवला तर जाणार नाही. हात तेवढाच असतो, पण पुढे केलेलं माप बदलतं.

बाळाचं तसंच आहे. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर डोक्याचं सगळ्यात लहान माप, सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, हाडांच्या वाटेत येतं. ओपीमध्ये बाळाचा कणा आईच्या कण्याला लागून असतो, त्यामुळे त्याला पाठ वाकवून हनुवटी नीट टेकवता येत नाही. मान थोडी ताठ राहते. मग जे माप पुढे येतं ते सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचं असतं. दोन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण हाडांच्या त्या वाटेत दोन सेंटिमीटर म्हणजे फार झाले.

दुसरी गोष्ट फिरण्याची. बाहेर पडताना मागचा उंचवटा जघनाच्या हाडाखाली, म्हणजे समोर यायला हवा. नेहमीच्या बाळाला त्यासाठी थोडंसंच वळावं लागतं. ओपीतल्या बाळाला १३५ अंश फिरावं लागतं, म्हणजे अर्ध्या फेरीपेक्षा जरा कमी. हे फिरणं कळांच्या जोरावर आणि खालच्या स्नायूंच्या उतारावर होतं. त्याला तास लागतात.

तिसरी गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. नीट दुमडलेलं गोल डोकं गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, तोंडावर सगळीकडून सारखं बसतं आणि त्या दाबाने तोंड उघडत जातं, कळाही चांगल्या येतात. ताठ मानेचं डोकं तसं बसत नाही. त्यामुळे पाणी लवकर जातं, कळा विस्कळीत येतात, तोंड हळू उघडतं. बाई थकते, कळा अजून मंदावतात, आणि कळा मंदावल्या की डोकं फिरत नाही. बाळंतपण लांबतं ते या चक्रामुळे.

बाळ असं का राहतं? तिने चुकीच्या कुशीवर झोप घेतली का?

नाही. सासूने सुनेला आणि सुनेने स्वतःला हा दोष देऊ नये. काही बायकांच्या कटीची हाडं पुढून अरुंद आणि मागे जास्त जागा अशा घडणीची असतात. डोक्याचा रुंद मागचा भाग जिथे जागा सापडेल तिथे बसतो. वार समोरच्या भिंतीवर असेल तरी असं होऊ शकतं. पहिलटकरणीत हे जास्त दिसतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

शेवटच्या महिन्यात रोज गुडघे-हातावर ओणवं राहिलं की बाळ फिरतं, असं सांगितलं जातं. याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि जन्माच्या वेळच्या स्थितीत त्याने फरक पडला नाही. कळांमध्ये मात्र ओणवं राहिल्याने कंबरेला खरंच आराम मिळतो, म्हणून आम्ही ते करायला सांगतो.

आम्हाला घरी कळतं का?

खात्रीने नाही, पण शंका येते. सगळ्यात ठळक खूण कंबरेची. कळ ओसरली तरी कंबर दुखायची थांबत नाही. "पोट नही, कंबर दुखी ऱ्हायनी, माय," असं एखादी पहिलटकरीण पुन्हा पुन्हा म्हणायला लागली की माझं लक्ष लगेच तिकडे जातं. बाळाचं हाड तिच्या माकडहाडावर दाबत असतं, तिची तक्रार अगदी खरी असते. दुसरी खूण म्हणजे बेंबीखाली पोट भरलेलं दिसण्याऐवजी थोडं खोलगट, बशीसारखं दिसतं, आणि समोरच हातपाय हाताला लागतात. बाळाचे ठोके मध्यावर न सापडता बाजूला, कुशीकडे सापडतात.

आतून तपासताना आम्ही टाळू शोधतो. पुढची टाळू मोठी, शंकरपाळ्याच्या आकाराची. मागची लहान, त्रिकोणी. शंकरपाळा समोरच्या बाजूला लागला तर बाळ ओपी. पण बाळंतपण लांबलं की डोक्यावर सूज येते, हाडं एकमेकांवर चढतात आणि बोटाला टाळू कळेनाशी होते. अनुभवी हातही तिथे फसतो. म्हणून शंका असेल तेव्हा आईच्या जघनावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बाळाचे डोळे कुठे आहेत ते बघावं. दोन डोळ्यांची खोबणी वर दिसली की वाद मिटतो. एक मिनिटाचं काम आहे, आणि व्हॅक्यूम लावण्याआधी तर मी ते करतेच.

काल संध्याकाळपासून कळा आहेत. "लांबलं" कधी म्हणायचं?

घड्याळ कुठून सुरू करायचं त्यावर हे अवलंबून आहे. घरचे पहिल्या कळेपासून मोजतात. आम्ही पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून मोजतो. त्याआधीचा काळ पहिलटकरणीत खूप लांबू शकतो आणि एवढ्यावरून काही बिघडलंय असं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हेच सांगितलं. पाच सेंटिमीटरच्या पुढचा काळ पहिल्या खेपेला सहसा १२ तासांच्या वर जात नाही, पुढच्या खेपांना १० तासांच्या. तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला ३ तासांपर्यंत आणि बाकीच्यांना २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा "तासाला एक सेंटिमीटर" असा दंडक होता. तो आता सोडला आहे, कारण कित्येक निरोगी बायका त्यापेक्षा हळू उघडतात. आता प्रत्येक टप्प्याला वेगळी मर्यादा बघतात. पाच सेंटिमीटरवर सहा तास अडली, किंवा सातवर तीन तास, किंवा नऊवर दोन तास, तर थांबून विचार करायचा. याचा अर्थ लगेच सिझर असा नाही. का अडलं ते शोधायचं, एवढाच त्याचा अर्थ. कळा कमी पडतायत, डोकं वळलेलं नाही, की वाटच अपुरी आहे, यातलं काय ते ठरवायचं. तिघांचे उपाय वेगळे आहेत.

एखाद्या बाईचं कसं झालं ते पहिल्यापासून सांगाल का?

सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मे महिना, दुपारी ४४ अंशांचं ऊन. केळीच्या पट्ट्यातल्या गावातून, माहेरी आलेली २२ वर्षांची पहिलटकरीण. दिवस पूर्ण भरलेले. कळा आदल्या रात्री आठला सुरू झालेल्या, आमच्याकडे पहाटे पाचला आली. पोटाला हात लावला तर बेंबीखाली खोलगट, समोर पाय लागत होते, ठोके उजव्या कुशीकडे, मिनिटाला १४०. डोकं पोटावरून पाच बोटांपैकी तीन बोटं वर लागत होतं. पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. तिला झोपवून न ठेवता चालायला सांगितलं, ताक आणि पेज घ्यायला लावली. तिची आई मुठीने तिची कंबर दाबत राहिली. त्या दाबाने जो आराम मिळतो तो औषधाने सहज मिळत नाही.

साडेनऊला पाच सेंटिमीटर. आमचं घड्याळ इथे सुरू झालं. दहाला पाणी गेलं, स्वच्छ होतं. दीड वाजता सात सेंटिमीटर, आणि या वेळी शंकरपाळ्यासारखी टाळू मला समोर डाव्या बाजूला लागली. म्हणजे मागचा उंचवटा मागे, उजवीकडे. ओपी नक्की झालं. मी घरच्यांना तेव्हाच सांगितलं की वेळ लागेल, बाळ फिरतं का ते बघू, आणि न फिरल्यास काय काय करावं लागेल.

साडेचारला परत तपासलं तर सातच. तीन तास जागेवर. आता थांबून विचार करायची वेळ. दहा मिनिटांत दोनच कळा, त्याही पंचवीस सेकंदांच्या. ओठ कोरडे, नाडी ११०, लघवी गडद आणि तपासणीत उपाशी अंगात तयार होणारे कीटोन आलेले. उन्हाळ्यात आमच्याकडे हे हमखास दिसतं. कळांच्या नादात बाई पाणी पीत नाही आणि गर्भाशयाचा स्नायू कोरड्या अंगावर काम करू शकत नाही. पण बाकी सगळं चांगलं होतं. डोकं आता दोनच बोटं वर, म्हणजे खाली सरकत होतं. डोक्यावर सूज थोडी, हाडं फक्त एकमेकांना टेकलेली, चढलेली नाहीत. ठोके व्यवस्थित. म्हणजे वाट अडलेली नव्हती, जोर कमी पडत होता.

लघवी काढली, रिंगर लॅक्टेटची सलाइन दिली. मग ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ऑक्सिटोसिनची ५ युनिट घालून अगदी कमी थेंबांवर सुरू केलं, दर अर्ध्या तासाने थेंब वाढवले, आणि दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा येऊ लागल्यावर तिथेच थांबलो. एक सिस्टर शेजारी बसून कळा मोजत आणि ठोके ऐकत होती. ती नसती तर मी ती बाटली लावली नसती.

सात वाजता नऊ सेंटिमीटर. आता तिला जोर करावासा वाटायला लागला, पण मी "जोर करू नको" म्हणाले. नऊ वाजता तोंड पूर्ण उघडलं. लगेच जोर करायला लावलं नाही, एक तास डोकं आपोआप उतरू दिलं. दहापासून जोर. पावणेअकराला डोकं पोटावरून लागत नव्हतं, आतून चांगलं खाली आलं होतं, पण बाळाचं तोंड अजून वरच. सोनोग्राफीत दोन्ही डोळे वर दिसले.

मग हाताने फिरवलं. लघवी पुन्हा काढली, तिला काय करणार ते समजावलं. डावा हात आत घालून, बोटं बाळाच्या डोक्यामागे आणि अंगठा पुढे ठेवून आधी डोकं दुमडलं, म्हणजे हनुवटी छातीकडे नेली. कळ आली तेव्हा तिने जोर केला आणि मी डोकं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवलं. पहिल्या कळेत अर्धवट वळलं, दुसऱ्या कळेत आलं. लगेच हात काढला नाही, आणखी दोन कळा तसंच धरून ठेवलं, नाहीतर डोकं परत मागे जातं. ठोके एकदा ९० वर उतरले आणि कळ संपताच वर आले. ११ वाजून २० मिनिटांनी बाळ झालं. ३.१ किलो, लगेच रडलं. आईला टाके घालावे लागले, पण जखम गुदाच्या स्नायूपर्यंत गेली नव्हती.

तिला जोर करावासा वाटत होता, तरी "जोर करू नको" का म्हणालात?

ओपीमध्ये डोक्याचा मागचा भाग मलाशयावर दाबतो, त्यामुळे तोंड पूर्ण उघडायच्या आधीच शौचाला लागल्यासारखं वाटतं. तेव्हा जोर केला तर पिशवीच्या तोंडाची पुढची कड डोकं आणि जघनाचं हाड यांच्यात चिमटते, सुजते, आणि उघडण्याऐवजी जाड होते. बाहेर उभ्या असलेल्या बायका प्रेमाने "लाव जोर, लाव" म्हणत असतात. त्या वेळी तिला कुशीवर झोपवून तोंडाने फुंकर मारत श्वास सोडायला सांगणं जास्त कामाचं असतं.

आमच्या गावात कळा वाढवायचं इंजेक्शन मिळतं. ते घेऊन निघालो तर चालेल का?

नाही. या पानावरचं दुसरं काही विसरलात तरी हे विसरू नका.

ऑक्सिटोसिन सलाइनमधून थेंबाथेंबाने दिलं तर गरज पडताच बंद करता येतं आणि काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. दंडावर किंवा कमरेत टोचलेलं परत काढता येत नाही. बाळ जन्मल्यानंतर रक्तस्राव थांबवायला आम्ही तेच इंजेक्शन १० युनिट स्नायूत देतो, तेव्हा ते योग्य आहे. बाळ आत असताना ते घातक आहे. डोकं अडकलेलं असेल आणि गर्भाशय थांबत नसेल तर बाळाचा रक्तपुरवठा कळेगणिक तुटतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईत पिशवी फाटू शकते.

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या खेपेची एक बाई अशीच आली होती. वाटेत कुठेतरी तिला दोन सुया दिल्या होत्या. गाडीत "कळा थांबल्या, बरं वाटतंय" म्हणाली, म्हणून घरच्यांना हायसं वाटलं. त्या कळा थांबल्या नव्हत्या, पिशवी फाटली होती. तिला आम्ही वाचवू शकलो. बाळाला नाही. जोरात येणाऱ्या कळा एकदम थांबणं, पोट हातही लावू न देणं, अंगावर लाल जाणं, नाडी पळणं, या खुणा दिसल्या तर एक मिनिटही घालवू नका. आणि कोणी सुई दिली असेल तर आम्हाला सांगा, कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. किती वाजता दिली एवढं कळलं तरी आमचं काम बदलतं.

हाताने फिरलं नाही तर पुढे काय?

डोकं खाली आलेलं असेल तर व्हॅक्यूम. ओपीमध्ये व्हॅक्यूमची वाटी कुठे लावली यावर सगळं अवलंबून असतं. ती मागच्या त्रिकोणी टाळूच्या पुढे सुमारे तीन सेंटिमीटरवर, मध्यरेषेवर बसायला हवी. ओपीत ती जागा खूप मागे असते, म्हणून वाटी मागे सरकवावी लागते. तिथे बसली तर ओढताना डोकं दुमडतं आणि पुष्कळदा आपोआप फिरतं. सोपं पडतं म्हणून समोर लावली तर मान आणखी ताठ होते, वाटी सुटते आणि बाळाच्या डोक्याला इजा होते. तीन ओढींत डोकं सरकलं नाही तर थांबायचं. "अजून एकदा बघू" हा मोह डॉक्टरला आवरावा लागतो. ओपीत व्हॅक्यूम अपयशी ठरण्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून ऑपरेशनची तयारी आधी आणि वाटी नंतर, असा माझा नियम आहे. डोकं फिरवायचे खास चिमटेही असतात, पण ते वापरणारे हात आता फार थोडे उरलेत.

मग एवढं करण्यापेक्षा थेट सिझर का करत नाही?

बहुतेक बाळं फिरतात म्हणून. पहिलं सिझर पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर सावली टाकतं. जिला पुढे डोंगरातल्या पाड्यावर राहायचं आहे, जवळचं रुग्णालय दोन तासांवर आहे, तिच्या पोटातला व्रण ही साधी गोष्ट नाही.

पण सिझर हवंच अशी वेळ असते आणि ती ओळखता आली पाहिजे. कळा चांगल्या असूनही चार तासांत काही सरकलं नाही, डोकं पोटावरून तीन बोटं वरच, डोक्यावर मोठी सूज, हाडं एकमेकांवर अशी चढलेली की बोटाने दाबूनही सुटत नाहीत, लघवीत रक्त, बाळाचे ठोके कळेनंतरही खाली राहतात. यातल्या काही गोष्टी एकत्र दिसल्या की वाट अडली आहे. तिथे ऑक्सिटोसिन वाढवणं चुकीचं. डोक्यावरची सूज खाली येते तेव्हा "डोकं उतरलं" असा भास होतो. म्हणून मी आतल्या तपासणीपेक्षा पोटावरून किती बोटं लागतात त्यावर जास्त विश्वास ठेवते.

उशिरा केलेलं सिझर अवघड असतं हेही घरच्यांनी जाणून घ्यावं. डोकं कटीत घट्ट रुतलेलं असतं, ते वर काढताना गर्भाशयाचा छेद फाटतो, रक्त जास्त जातं. कधी मदतनीस खालून डोकं हलकेच वर ढकलतो. कधी खांदे आधी, मग धड आणि पाय, आणि शेवटी डोकं असं बाळ काढतो. ही पटवर्धन पद्धत, १९५७ साली आपल्याच देशात मांडली गेली आणि आजही उपयोगी पडते. सहीसाठी "गावाहून मामा येऊ द्या" म्हणून दोन तास थांबलात तर तुमचं सिझर या प्रकारात जाऊ शकतं.

बाळ तोंड वर असतानाच जन्मलं तर?

जन्मू शकतं. जागा चांगली असेल, बाळ फार मोठं नसेल, तर ते तसंच वर बघत बाहेर येतं. बाळाला त्याने व्यंग येत नाही. डोकं दोन-तीन दिवस लांबट दिसतं, मग गोल होतं, मालिश करून दाबू नका. त्रास आईला जास्त होतो. मोठं माप बाहेर पडत असल्याने जखम गुदाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकते. ती लगेच ओळखून नीट शिवली पाहिजे. नंतर वारा किंवा शौच आवरत नसेल तर लाजून गप्प बसू नका, परत दाखवा. लांबलेल्या बाळंतपणानंतर गर्भाशयही थकलेलं असतं, म्हणून पहिले काही तास रक्तस्रावावर नजर ठेवतो.

डोकं आडवं, कपाळ पुढे, चेहरा पुढे, हे काय असतं?

डोकं अर्धं फिरून आडवंच अडकतं, हे ओपीचंच भावंड. खाली आलेलं असेल तर वर सांगितलेलेच उपाय. कपाळ पुढे असेल तर तेरा सेंटिमीटरच्या वरचं माप येतं आणि दिवस भरलेलं बाळ तसं बाहेर पडत नाही, स्थिती बदलली नाही तर सिझर. चेहरा पुढे असेल तर हनुवटी समोर आहे की मागे ते बघायचं. समोर असेल तर बाळंतपण होऊ शकतं. मागे असेल आणि ती फिरली नाही तर होत नाही. या दोन्हींत व्हॅक्यूम लावायचा नसतो.

घरून कधी निघायचं?

पाणी गेलं असेल तर कळा नसल्या तरी निघा. पहिलटकरीण असेल आणि कळा पाच मिनिटांवर आल्या असतील तर निघा. धडगाव, अक्कलकुवा, किंवा चोपडा-यावलच्या डोंगरातल्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी याहून आधी, शक्य असेल तर तारखेच्या आधीच खालच्या गावी नातेवाइकांकडे येऊन राहावं. १०८ किंवा १०२ ला फोन केला तर गाडी मोफत येते, आणि सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझर दोन्ही मोफत आहेत. आशाताईंचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही असू द्या.

तिथून पुढे पाठवलं तर सोबत तपासणीचा कागद मागून घ्या. किती वाजता किती सेंटिमीटर, पाणी कधी गेलं, काय औषध दिलं. तो कागद हातात आला की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पुढच्या खेपेलाही असंच होईल का?

शक्यता थोडी जास्त असते, कारण हाडांची घडण तीच राहते. पण एकदा वाट मोकळी झालेली असल्याने दुसऱ्या खेपेला बाळ बहुधा लवकर फिरतं. वर ज्या मुलीचं सांगितलं ती तीन वर्षांनी पुन्हा आली. बाळ पुन्हा ओपी होतं आणि कंबरही तशीच दुखत होती. पाच सेंटिमीटरनंतर चार तासांत ते आपोआप फिरलं, आणि मी हातमोजे चढवेपर्यंत सिस्टरच्या हातात आलं होतं.